फक्त ॲडमिनला कळेल

आमच्या घराण्याचा व्हॉट्सॲप ग्रुप ६ जानेवारीला दुपारी २ वाजून १७ मिनिटांनी मुका झाला. वेळ एवढी नेमकी सांगता येते, कारण नानाकाकांनी ती लिहून ठेवली आहे. नानाकाका एसटीत वाहतूक नियंत्रक होते. कुठली गाडी किती मिनिटं उशिरा सुटली हे रजिस्टरला चढवण्यात त्यांची उभी नोकरी गेली. त्यामुळे घरातलं माणूस ग्रुपमधून सुटलं तेव्हाही त्यांचा हात आपोआप पेनाकडे गेला. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर सहा तारखेच्या चौकोनात ‘मालू २.१७’ एवढंच लिहिलेलं आहे. त्याच्याखाली ‘दूध अर्धा लि. कमी’.

ग्रुपचं नाव ‘आपला वाडा’. बार्शीतला खरा वाडा कधीच पडला. त्या जागी आता तीन मजली इमारत आहे आणि खाली मोबाईलची दुकानं. वाड्यातून पांगलेले आम्ही तेवीस जण या ग्रुपात राहतो. २०१६ साली पिंकीच्या लग्नात कार्यालयाचा नकाशा सगळ्यांना पाठवायला म्हणून तो काढला. पिंकी सासरी न्यू जर्सीला गेली, ग्रुप माहेरी राहिला. ॲडमिन दोन. एक पिंकी, कारण तिने काढला. दुसरे नाना, कारण त्यांनी ‘ॲडमिन म्हणजे काय’ असं विचारलं आणि ऐकल्यावर ‘मग ते मलाच केलं पाहिजे’ असं सांगितलं. तेव्हापासून ग्रुपवर त्यांच्या पोस्टी ‘सूचना :’ या शब्दाने सुरू होतात आणि त्यात ‘प्रवाशांनी’ हा शब्द तेवढा नसतो.

मालूआत्या नानांची धाकटी बहीण. वय त्र्याहत्तर, मुक्काम लातूर. नऊ वर्षांत तिने स्वतःहून ग्रुपवर काही टाकल्याचं मला आठवत नाही. तिचं काम दाद देण्याचं. कुणी काही टाकलं की मिनिटाभरात आत्याचे ते अंगठा आणि तर्जनी जुळवलेले हात यायचे, नेहमी दोन. भाकरीला दोन हात, नातवाच्या मार्कांना दोन हात. नानांचा शुगरचा रिपोर्ट आला, जेवणानंतर २६८, त्यालाही दोन हात. आम्ही हसायचो. पण गाण्याच्या बैठकीत पुढच्या रांगेत एक म्हातारा मान हलवत बसलेला असतो ना, त्याला रागातलं फार कळत असेलच असं नाही. तो उठून गेला की गवयाचं मात्र चित्त उडतं. आमच्या ग्रुपात त्या जागेवर आत्या होती, आणि हे ती उठल्यावर कळलं.

आता एक तांत्रिक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यातून झालं. पूर्वी ग्रुपमधून कुणी बाहेर पडलं की ते सगळ्यांना दिसायचं. गप्पांच्या मधोमध अमुक जण left अशी करडी पट्टी यायची. २०१९ मध्ये आमचे कोल्हापूरचे मेहुणे असेच नवा फोन हाताळताना बाहेर पडले होते. पाच मिनिटांत एकोणीस जणांनी ‘काय झालं?’ विचारलं, नानांनी त्यांना परत आत घेतलं, मेहुण्यांनी ‘चुकून’ लिहिलं आणि पंधराव्या मिनिटाला विषय तुरीच्या डाळीवर गेला. २०२२ च्या ऑगस्टमध्ये ही रीत बदलल्याचं जाहीर झालं. आता निघणाऱ्याला आवाज न करता निघता येतं, ते फक्त ॲडमिनला कळतं. ज्याला कुणाचं मन न दुखवता निसटायचंय त्याची यात मोठी सोय आहे, हे मी नाकारत नाही. पण आमच्या घरात ‘फक्त नानांना कळतं’ याचा अर्थ ‘फक्त नानांना कळतं आणि ते काकूंना सांगतात’ असा होतो.

नानांनी काकूंना सांगितलं, आणि वर ‘कुणाजवळ बोलू नकोस’ हेही सांगितलं. काकूंनी ते फक्त सुमावहिनीला सांगितलं, कारण सून घरातलीच. तिच्यापासून काय लपवायचं? सुमावहिनीने फक्त तिच्या जावेला. मला संध्याकाळी पाच वाजता तिघांकडून तीन वेळा कळलं आणि तिन्ही वेळा मी ‘अरे बापरे, हो का?’ म्हणालो, कारण सांगणाऱ्याचा विरस करणं बरं नव्हे. ज्यांचा विश्वास बसेना त्यांनी ग्रुपची माहिती उघडून मेंबरांच्या यादीच्या तळाशी जाऊन पाहिलं. तिथे गेल्या साठ दिवसांत कोण सोडून गेलं ते दिसतं. त्या यादीत आत्या एकटीच होती. शेजारी तिचा गोल फोटो, त्यात ती तुळजापूरच्या पायऱ्यांवर उभी.

वाड्यात रुसणं फार सोपं होतं. रुसलेली बाई माजघरात जायची आणि भांडी आपटायची. पातेलं आपटलं की दुखणं साधं, तांब्या आपटला की गंभीर, आणि भांडी अगदी हळू ठेवली जायला लागली की कुणीतरी जाऊन पाया पडायचं, हे लहान पोरांनाही ठाऊक होतं. कोण कुणावर रुसलंय हेही कळायचं, कारण ज्याच्यावर राग त्याच्याच ताटात भाजी कमी पडायची. ग्रुपात भांडी नाहीत. आत्या गेली एवढंच कळलं. कुणावर रागावून गेली ते कळायला एकच मार्ग होता, सहा तारखेला २.१७ च्या आधी काय काय झालं ते पाहणं. उरलेल्या बावीसांतले बहुतेक जण त्या रात्री आपापल्या घरी तेच करत होते.

तो पुरावा असा होता. सकाळी सात वाजता नाना : ‘सूचना : रविवार दि. १८ रोजी शेतावर हुरडा. येणाऱ्यांनी नावे द्यावीत. ऐनवेळी येणाऱ्यांची व्यवस्था होणार नाही.’ पावणेदहाला सुमावहिनीचा शेंगाचटणीचा फोटो, त्याला आत्याचे दोन हात. सव्वाअकराला त्या दोन हातांवर मी : ‘आत्या, न चाखताच? 😀’ साडेबाराला बाळूदादाचा हिशेब : ‘विहिरीची मोटर जळाली होती. रिवायंडिंग, बेअरिंग, काढणे-सोडणे धरून एकूण ११,४००. तिघांत प्रत्येकी ३,८००. मालूआत्याचा वाटा धरलेला नाही.’ पावणेदोनला मेहुण्यांनी पुढे ढकललेला एक लांबलचक मेसेज, वर दोन बाणांची खूण, म्हणजे तो निदान पाच फोन फिरून आलेला. त्याचं शीर्षक ‘राखीपुरत्या बहिणी आणि सात-बारापुरत्या बहिणी’. मेहुण्यांनी तो वाचला नव्हता. ते कुठलाच मेसेज वाचत नाहीत, ते फक्त टपाल पुढे काढतात. आणि २.१७ ला आत्या नाही.

मला पहिल्याच वाचनात कळलं की दोषी मी. त्र्याहत्तर वर्षांची बाई मनापासून दाद देते आणि मी तिला चारचौघांत ‘न चाखताच?’ विचारतो. त्या वेळी विनोद वाटला होता. रात्री साडेअकराला अंधारात, फोनच्या उजेडात, तो स्मायलीसुद्धा छद्मी हसताना दिसला. बायकोला विचारलं तर ती म्हणाली, ‘मी तेव्हाच म्हणणार होते.’ ती नेहमी तेव्हाच म्हणणार असते.

गंमत अशी की प्रत्येकाला स्वतःचाच मेसेज नडला असं वाटत होतं, पण बोलताना प्रत्येक जण दुसऱ्याच्या मेसेजवर बोट ठेवत होता. आमच्या घराण्यातला वकील, धाकट्या काकांचा मुलगा, त्याने बाळूदादाच्या हिशेबाचं शेवटचं वाक्य उचललं. ‘मालूआत्याचा वाटा धरलेला नाही’ हे खर्चाबद्दल म्हटलं तर सौजन्य आहे आणि जमिनीबद्दल म्हटलं तर दावा, असं त्याचं म्हणणं. महाराष्ट्रात वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांच्या बरोबरीने धरायचं हे १९९४ सालीच आलं, दिल्लीने ते २००५ साली केलं, आणि बाळूदादाला अजून पोचलेलं नाही, असंही तो म्हणाला. बाळूदादा म्हणाला, ‘अरे, तिच्याकडून मोटरचे पैसे कशाला घ्यायचे म्हणून लिहिलं मी! बहीण आहे ती बापाची!’ आणि मग त्याने जे करायला नको होतं ते केलं. त्याने तो मेसेज सगळ्यांसाठी डिलीट केला.

पाठवल्यापासून साधारण अडीच दिवसांच्या आत तसं करता येतं, आणि बाळूदादाला दुसऱ्या दिवशीच सुचलं. पण डिलीट केलेला मेसेज नाहीसा होत नाही. त्याच्या जागी ‘हा मेसेज डिलीट केला’ अशी फरशी बसते. भिंतीवरचा डाग झाकायला खिळा ठोकून कॅलेंडर लावावं आणि येणाऱ्या प्रत्येकाने ‘इथे कॅलेंडर का?’ म्हणून ते उचलून पाहावं, तशी गत. ज्यांनी हिशेब वाचलाच नव्हता, तेही आता ‘बाळूने काय लिहिलं होतं?’ असं एकमेकांना विचारू लागले. मेहुण्यांना जाग आली चौथ्या दिवशी. तोवर मुदत टळली होती. आता फक्त स्वतःपुरता डिलीट करण्याचा पर्याय उरला होता, तो त्यांनी घाईघाईने दाबला. त्यामुळे ‘सात-बारापुरत्या बहिणी’ आता बावीसपैकी एकवीस जणांना दिसतात. दिसत नाहीत त्या फक्त मेहुण्यांना, आणि ते निश्चिंत आहेत.

‘आपला वाडा’ गप्प होता याचा अर्थ घराणं गप्प होतं असा मात्र नाही. उलट माझ्या फोनची बॅटरी त्या आठवड्यात दुपारीच उतरायची. सात तारखेला ‘वाडा २’ निघाला, त्यात आत्या आणि पिंकी सोडून सगळे. आठ तारखेला ‘फक्त भावंडं’, कारण ‘वाडा २’ मध्ये नाना असल्यामुळे नानांबद्दल बोलता येत नव्हतं. तिसराही एक निघाल्याचं ऐकतो, त्यात मी नाही, त्यामुळे तिथे काय विषय असेल याचा मला अंदाज आहे. मूळ ग्रुपात मात्र कुणी शब्द टाकेना. टाकणार काय? गुड मॉर्निंग टाकावं तर ‘हिला काहीच वाटत नाही’, फोटो टाकावा तर ‘बघा, मजेत आहेत’. २०१८ साली बातमी आली होती की आपल्याकडचे फोन गुड मॉर्निंगच्या फुलापानांनी भरून बंद पडतात, आणि ती चित्रं वेगळी काढून पुसण्याची सोय गुगलला आपल्या ॲपमध्ये करावी लागली. त्या आठवड्यात आमच्या ग्रुपाने तेवढं काम हलकं केलं.

मग आत्याला सरळ फोन का केला नाही? हा प्रश्न लिहायला सोपा आहे. नाना म्हणाले, ‘तिने सोडलाय, तिने सांगावं.’ बाळूदादा म्हणाला, मोठ्यांनी करावा. मोठे म्हणाले, ज्याने दुखावलं त्याने करावा. मी तर रोज रात्री नऊला ठरवायचो आणि साडेनऊला म्हणायचो, आता ती झोपली असेल. शेवटी अकरा तारखेला काकूंनी केला, पण तिळाचा भाव विचारायचं निमित्त काढून. तो संवाद काकूंनी मला दोनदा, आवाजांसकट, ऐकवला.

‘काय वन्सं, तिळाचा काय भाव तिकडं?’

‘तुमच्याकडं आहे तोच असंल की, वहिनी.’

‘बरंय ना सगळं?’

‘बरं न असायला काय झालंय?’

‘नाही, आपलं… ग्रुपवर काही…’

‘तुमचं चालू द्या. आमचं काय, आम्ही बघतोय लांबून.’

‘बघतोय लांबून’ या दोन शब्दांनी त्या रात्री ‘वाडा २’ वर चौसष्ट मेसेज मिळवले. काकूंचं मत असं पडलं की आवाज कोरडा होता. सुमावहिनीने विचारलं, सर्दी असेल का? काकू म्हणाल्या, सर्दीचा कोरडेपणा मला कळतो.

तेरा तारखेला भोगी आली. दरवर्षी भोगीला सुमावहिनीच्या भाजीचा फोटो येतो. गाजर, वांगी, पावटा, हरभऱ्याचे सोलाणे, घेवडा, शेजारी तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि तिच्यावर लोण्याचा गोळा, तोही वितळायच्या आत टिपलेला. यंदा फोटो नाही. तिने भाजी केली होती, फोटोही काढला होता, तो मला वेगळा पाठवला आणि खाली लिहिलं, ‘तिकडे टाकू नका.’ दाद द्यायची म्हणून मी दोन जुळवलेले हात पाठवले, आणि पाठवल्यावर आम्हा दोघांनाही कसंसंच झालं.

आणि दुसऱ्या दिवशी संक्रांत! जगातल्या एकूण एक मराठी ग्रुपात त्या दिवशी गोड बोलण्याची सक्ती असते. आमच्याकडे एरवी पहाटे साडेपाचपासून हलव्याचे दागिने आणि पतंग यांचा मारा सुरू होतो. यंदा साडेसहा वाजले, कुणी नाही. मग दिसलं, नाना टाइप करताहेत. मी चहा ठेवला, नाना टाइप करताहेत. चहा झाला, गाळला, नाना थांबले. परत सुरू. नंतर कळलं की त्या वेळी मी धरून चौदा जण आपापल्या स्वयंपाकघरात तेवढ्याच ओळीकडे बघत उभे होते. सातला पाच मिनिटं असताना ती ओळ गेली आणि खाली काहीच आलं नाही. नानांनी पुढे मला सांगितलं की ‘तिळगूळ घ्या’ इथपर्यंत ठीक होतं. ‘गोड बोला’ म्हटलं तर तो आदेश वाटेल, आणि नुसतं ‘घ्या’ म्हटलं तर वाटणीबद्दल वाटेल.

दुपारी फोन आला तो लातूरहून, पण आत्याच्या नातवाचा. हा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, हॉस्टेलला राहतो, सणाला घरी गेला होता. त्याने नमस्कार-चमत्कार काही केलं नाही.

‘मामा, तुम्ही लोकांनी आजीला ग्रुपमधून का काढलं?’

मी म्हटलं, ‘आम्ही? अरे, तीच सोडून गेली!’

‘ती म्हणते नानाआजोबांनी बोलायची बंदी केलीय. आठ दिवस झाले ती वाचतीये पण लिहिता येत नाही. आणि तुमचा ग्रुप डेड आहे का हो? शेवटचा मेसेज सहा तारखेचा आहे.’

इथे मला खुर्ची लागली. ग्रुप सोडला तरी तो आपल्या फोनमधून जात नाही. जुन्या गप्पा जशाच्या तशा राहतात, फक्त नवीन येत नाहीत. म्हणजे सहा तारखेच्या दुपारपासून आत्यालाही ग्रुप गप्पच दिसत होता! आणि खाली जिथे लिहायची पट्टी असते तिथे इंग्रजीत एक बारीक ओळ येते, You can't send messages to this group, आणि तिच्यापुढे because लावून कारण दिलेलं असतं की तुम्ही आता यात नाही. आत्याचं इंग्रजी ‘group’ पर्यंत आलं आणि तिथे थांबलं. तिच्या दृष्टीने वाक्य पुरं झालं होतं. त्यात मागे एकदा निवडणुकीच्या दिवसांत धाकटे काका आणि मेहुणे यांची जुंपली तेव्हा नानांनी खरंच ‘फक्त ॲडमिन लिहू शकतील’ अशी व्यवस्था चार दिवस लावली होती, आणि तेव्हाही खाली अशीच बारीक इंग्रजी ओळ आली होती. मग आत्याने दोन नि दोन चार केले. वाडा आहे, नाना आहेत, आणि बाळूने ‘मालूआत्याचा वाटा धरलेला नाही’ लिहिल्यानंतर दोन तासांच्या आत आपला आवाज बंद.

‘पण तू बाहेर पडलीस कशी?’ मी फोनवर आलेल्या आत्याला विचारलं.

‘मी कुठं पडायलीय? फोन भरला म्हणत होता. नवीन वर्षाचे फटाके, फुगे, गणपती, सगळे आत येऊन बसलेले. ह्याला फोन केला तर हा म्हणला, आजी, ग्रुपच्या नावावर दाब, पार खाली जा, क्लिअर चॅट दाब. मी गेले खाली. दाबलं. त्यानं काहीतरी विचारलं. फोन विचारतो त्याला हो म्हणायचं असतंय.’

नातवाने मागून ओरडून सांगितलं की त्या तळाला Clear chat च्या खालीच Exit group असतं, आणि आजीचं बोट एक पायरी जास्त उतरलं. फोनने तिला व्यवस्थित विचारलं होतं, बाहेर पडायचं का, आणि पडलात तर फक्त ॲडमिनला कळेल हेही सांगितलं होतं. आत्याने त्यातला ‘ॲडमिन’ तेवढा वाचला, आणि नानांना विचारून चाललंय तर बरंच आहे, असं समजून हो म्हटलं. जागा करायला ते सगळं दाबायची गरजही नव्हती म्हणा. सेटिंगमध्ये स्टोरेजच्या पानावर कुठल्या ग्रुपने किती जागा खाल्ली ते उतरत्या भाजणीने दिसतं, मोठमोठे व्हिडिओ वेगळे काढलेले असतात, तेवढे निवडून पुसता येतात आणि माणसं जागच्या जागी राहतात. पण हे नातवाने संक्रांतीला सांगितलं.

उरलं आत्याला परत आत घ्यायचं. नाना म्हणाले, ‘तिने म्हटलं तर घेतो.’ आत्या म्हणाली, ‘त्यानं बंदी उठवली तर येते.’ बंदी नव्हतीच हे दोघांनाही पटलं होतं, पण आठ दिवस पोसलेला राग असा वाटेत सोडून देता येत नाही, त्याला घरापर्यंत न्यावं लागतं. शेवटी मीच नानांना म्हटलं, ‘गाडी परत डेपोत आलीये, नोंद घ्या.’ हे मात्र त्यांना कळलं. ४.४० ला त्यांनी आत्याला ॲड केलं.

आणि इथे नियम उलटा आहे बरं का. जाणं गुपचूप असतं, येणं मात्र सगळ्यांना दिसतं. ग्रुपच्या मधोमध नानांनी आत्याला घेतल्याची पट्टी उमटली आणि आठ दिवसांचा बांध फुटला. तिळगूळ, पतंग, हलव्याचे दागिने, सुमावहिनीची शिळी भोगी, न्यू जर्सीहून पिंकीचे पहाटेचे डोळे चोळतानाचे सहा बदाम. तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं. पट्टी तिलाही सहा तारखेलाच दिसली होती, पण तिथे पावणेचार वाजलेले होते आणि सकाळी वर पाहिल्यावर ‘चार्जिंग संपलं असेल’ एवढंच तिच्या मनात आलं होतं.

आत्याने कुणाला उत्तर दिलं नाही. ती कामाला लागली होती. ‘क्लिअर’ दाबायचं राहून गेल्यामुळे तिच्या फोनमध्ये सहा तारखेचं सगळं जसंच्या तसं होतं, आणि दाद द्यायची राहिली होती. तिने एकेक करून सुरुवात केली. हुरड्याच्या सूचनेला दोन हात. माझ्या ‘न चाखताच?’ला दोन हात, म्हणजे तिला तो विनोद तेव्हाही आवडला होता किंवा आत्ताही कळला नव्हता. मी पहिलं धरून चाललोय. सात-बारापुरत्या बहिणींनाही दोन हात. मेहुण्यांनी मला वेगळं विचारलं, ‘आत्यांनी हे कशाला दिले? माझ्याकडे तर वर मूळ मेसेजच दिसत नाही.’

मग ती बाळूदादाच्या हिशेबाशी आली. आमच्या सगळ्यांच्या फोनमध्ये तिथे ‘डिलीट केला’ची फरशी आहे. पण बाळूदादाने डिलीट केलं तेव्हा आत्या ग्रुपात नव्हती, त्यामुळे ते डिलीट तिच्यापर्यंत पोचलंच नाही. तिच्या फोनमध्ये तो हिशेब अजून ठणठणीत होता. तिने तो धरला, उत्तर म्हणून वर जोडला, आणि पुसलेला मेसेज आम्हा बावीस जणांसमोर परत उभा राहिला, ‘मालूआत्याचा वाटा धरलेला नाही’सकट. त्याच्या खाली, नऊ वर्षांत पहिल्यांदाच, आत्याने स्वतः मराठीत टाइप केलेलं वाक्य होतं.

‘का नाही धरला. चौघांत करा. माझे २८५० पाठवते.’

पाच वाजून तीन मिनिटं. पतंग थांबले, बदाम थांबले. सूचनाही आली नाही. बाळूदादा टाइप करतोय. थांबला. वकील टाइप करतोय. थांबला.

मी फोन उपडा ठेवला. तो टेबलावर थरथरत थरथरत कडेपर्यंत सरकला. ‘वाडा २’ होता.